‘तीस फुटांवर कुठलाही छर्रा चालतो’ म्हणणाऱ्यांना

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात ज्यांच्या घरी एअर रायफल आहे, त्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं : ‘तीस फुटांवर कुठलाही छर्रा चालतो.’ त्यामागचा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. परसदारी किंवा घरामागच्या मोकळ्या पट्टीत अंतर मिळून मिळणार किती? सात मीटर, फार तर दहा. एवढ्याशा अंतरात हवेला छर्रा अडवायला वेळच मिळत नाही, वारा त्याला ढकलू शकत नाही आणि तो खालीही फारसा येत नाही. मग छर्र्याचं डोकं चपटं की गोल, वजन अर्धा ग्रॅम की पाऊण, याची चिकित्सा कशाला करायची? ती पन्नास मीटरवाल्यांनी करावी. आपण स्वस्तातली डबी घ्यावी आणि नेम सुधारावा.

या युक्तिवादातलं प्रत्येक विधान सुटं घेतलं तर जवळपास खरं आहे, निष्कर्ष मात्र चुकलेला आहे. छर्रा बिघडतो तो हवेत, असं यात गृहीत धरलं आहे. दहा मीटरच्या आत तो हवेत फारसा बिघडत नाही हे कबूल. पण तो नळीत बिघडतो, आणि नळीत झालेला बिघाड अंतर कमी आहे म्हणून माफ होत नाही. अंतर जितकं कमी, तितकं हवेचं खातं लहान आणि नळीचं खातं मोठं. जवळच्या अंतरावर छर्र्याचा आकार अधिक महत्त्वाचा ठरतो, हे माझं म्हणणं. मात्र ‘आकार’ म्हणजे दुकानदार दाखवतो तो पुढचा शेंडा नव्हे, तर नळीच्या पिळात बसणारा घेर.

हे वाक्य अंबरनाथमध्ये ऐकू यावं याचं जास्त नवल वाटतं. इथे ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. इथल्याच औद्योगिक वसाहतीत, धातूत खोल आणि सरळ छिद्र पाडणारी यंत्रं बनवणारी प्रिसिहोल ही कंपनी एअर रायफलीही बनवते. नळी सरळ असावी, आतला पीळ सारखा असावा, यासाठी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची भाषा बोलणारे कारागीर या गावात आहेत. त्याच गावात त्या नळीतून जाणाऱ्या शिशाच्या तुकड्याबद्दल मात्र ‘काहीही चालतं’ म्हणायचं! लेथवर काम केलेल्या माणसाला मी एवढंच विचारीन : जॉब चकात सेंटरला नसेल, तर तो मिनिटाला हजार फेऱ्यांनी फिरताना काय करतो? छर्रा नळीतून बाहेर पडतो तेव्हा सेकंदाला चारशे-पाचशे फेऱ्या घेत असतो.

हिशेब करायचा तर आधी छर्र्याची रचना नजरेसमोर हवी. 4.5 मिमीच्या रायफलीचा छर्रा डमरूसारखा असतो. पुढे भरीव डोकं, मध्ये बारीक कंबर आणि मागे पोकळ, पातळ कडांचा झगा, ज्याला सगळे स्कर्टच म्हणतात. डोक्याचं काम छर्रा नळीच्या मधोमध धरून ठेवण्याचं. स्कर्टचं काम मागून येणारी दाबाची हवा अडवण्याचं. हवेच्या दाबाने त्याच्या कडा फुलतात आणि पिळात रुततात. कंबर बारीक असल्यामुळे शिसं नळीला कमी घासतं आणि वजन पुढे राहतं. छर्रा बाहेर पडल्यावर हवेचा अडथळा स्कर्टला मागे ओढत राहतो, त्यामुळे तोंड पुढे राहतं. पिळामुळे मिळालेली गिरकी त्यात भर घालते. छर्रा सरळ जातो तो या दोन्ही गोष्टींमुळे.

आता वजन घेऊ, कारण विरोधकांचा सगळा भर तिथेच आहे. समजा घरगुती स्प्रिंगची रायफल आहे आणि ती छर्र्याला 12 जूल ऊर्जा देते. 0.53 ग्रॅमचा छर्रा नळीबाहेर येताना सेकंदाला सुमारे 213 मीटर वेगात असेल, आणि दहा मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षणाने तो साधारण 12 मिमी खाली येईल. 0.45 ग्रॅमचा हलका छर्रा वेगाने जाईल आणि 10 मिमी खाली येईल. 0.68 ग्रॅमचा जड छर्रा साधारण 15 मिमी. म्हणजे अगदी हलक्यापासून चांगल्या जडापर्यंत फरक जेमतेम 5 मिमीचा, आणि तोही कायमचा. दुर्बिणीची किंवा माशीची एक-दोन खटक्यांची दुरुस्ती केली की तो संपला.

एकाच डबीतले छर्रे थोडे कमी-जास्त वजनाचे असतील तर? वजन दोन टक्क्यांनी बदललं तर वेग साधारण एक टक्क्याने बदलतो आणि 12 मिमीच्या घसरणीत पाव मिलिमीटरचा फरक पडतो. हा हिशेब ‘काहीही चालतं’वाल्यांच्या बाजूने जातो, आणि तो मी त्यांना मोकळ्या मनाने देतो. सोनाराचा काटा आणून एकेक छर्रा तोलत बसणारे लोक परसदारच्या अंतरावर वेळ वाया घालवतात. तोलण्याचा उपयोग एवढाच की एखादा छर्रा बाकीच्यांपेक्षा फारच हलका निघाला, तर त्याच्या पोटात पोकळी असण्याची शंका घ्यावी.

पण ही पोकळी का नडते, ते पाहिलं की त्यांच्या युक्तिवादाचा पाया सरकतो. ती वजनामुळे नडत नाही, ती छर्र्याचं गुरुत्वमध्य मधल्या अक्षापासून बाजूला सरकवते म्हणून नडते. डोकं आणि स्कर्ट एका अक्षावर नसतील, किंवा एका बाजूची भिंत जाड असेल, तरी हेच होतं. नळीत असेपर्यंत छर्रा नळीच्या अक्षाभोवती फिरतो, कारण भिंत त्याला दुसरं काही करू देत नाही. त्या वेळी बाजूला सरकलेलं गुरुत्वमध्य अक्षाभोवती घिरट्या घालत असतं. नळी संपते त्या क्षणी त्याला आवरणारं कोणी उरत नाही, आणि ज्या दिशेला ते त्या वेळी चाललेलं असतं, त्या दिशेचा छोटासा आडवा वेग घेऊन छर्रा निघतो.

हा आडवा वेग किती? अनेक एअर रायफलींच्या नळीत पीळ सुमारे 450 मिमीत एक फेरा घेतो. छर्रा एक फेरा पुढे जाताना सरकलेलं गुरुत्वमध्य एक वर्तुळ फिरतं. त्या वर्तुळाचा परीघ भागिले 450 मिमी, हे झालं भरकटण्याचं प्रमाण. गुरुत्वमध्य 0.05 मिमीने सरकलेलं असेल, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीच्या साधारण निम्म्याने, तर दहा मीटरवर छर्रा ठरलेल्या जागेपासून 7 मिमी बाजूला लागतो. हाच दोष 0.02 मिमी असेल तर 2.8 मिमी. छर्रा नळीत घालताना जड बाजू कधी वर येते, कधी डावीकडे, कधी खाली. म्हणून पहिल्या प्रकारच्या छर्र्यांची भोकं सुमारे 14 मिमी व्यासाच्या वर्तुळात विखुरतात आणि दुसऱ्या प्रकारची साडेपाच मिमीच्या. रायफल तीच, नेम तोच, अंतर तेच.

या गणितात वेग कुठेच येत नाही. रायफल जोरदार असो की मवाळ, भरकटण्याचं प्रमाण बदलत नाही. अंतरही फक्त सरळ प्रमाणात येतं. सात मीटरवर 14 चे 10 मिमी होतात, पाच मीटरवर 7. म्हणजे जवळ आल्याने दोष लहान दिसतो, जात नाही. आणि जवळच्या अंतरावर आपण लक्ष्यही लहान घेतो, म्हणून फायदा झाला असं म्हणायलाही जागा नाही. वजनाच्या फरकामुळे पाव मिलिमीटर आणि आकारातल्या सूक्ष्म दोषामुळे 7 मिमी, हे दोन आकडे शेजारी ठेवले की दहा मीटरवर कशाला किंमत द्यायची ते ठरतं.

याचं दुसरं अंग म्हणजे डोक्याचा घेर. 4.5 मिमी हे नाव झालं. प्रत्यक्षात चांगल्या छर्र्यांच्या डब्यांवर डोक्याचं माप 4.49, 4.50, 4.51, 4.52 असं छापलेलं असतं. ही मापं विक्रीची चलाखी आहे, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. तसं नाही. नळीच्या मानाने डोकं सैल असेल तर पिळाच्या कडा त्याला धरत नाहीत. छर्रा फक्त स्कर्टवर टेकून, डोकं किंचित वाकडं ठेवून जातो. मग दोष छर्र्यात नसला तरी तो नळीत तयार होतो, कारण वाकडा छर्रा म्हणजे सरकलेलं गुरुत्वमध्यच. डोकं फार घट्ट असेल तर स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा सुटायला वेळ घेतो आणि वेग दर फैरीला बदलतो. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या दोन रायफलींना वेगवेगळं माप मानवतं, कारण नळ्याही शंभराव्या भागात वेगळ्या असतात. म्हणूनच मित्राच्या रायफलीत उत्तम चाललेली डबी आपल्याकडे रडते.

हे तपासायला यंत्र लागत नाही. छर्रा अंगठ्याने बसवताना किंचित विरोध जाणवला पाहिजे. नुसता खाली घसरून पडला तर डोकं सैल आहे. त्याहून नेमकी खूण म्हणजे पिळाच्या रेघा. रायफलीची स्प्रिंग ताणलेली नाही याची खात्री करून एक छर्रा नळीत बसवायचा आणि सफाईच्या लाकडी किंवा प्लॅस्टिक आवरणाच्या काठीने हलकेच पुढे ढकलून दुसऱ्या टोकाने बाहेर काढायचा. हे करताना हात नळीच्या सांध्यात कधीच घालायचा नाही. छर्रा भिंगाखाली धरला की डोक्याच्या कडेभोवती सारख्या अंतरावर बारीक रेघा दिसल्या पाहिजेत. रेघा फक्त स्कर्टवर असतील, किंवा डोक्याच्या एकाच बाजूला असतील, तर तो छर्रा त्या नळीचा नाही.

आता शेंड्याकडे वळू, कारण दुसरा गैरसमज तिथे आहे. टोकदार छर्रा ‘हवा कापतो, म्हणून सरळ जातो’ अशी समजूत डबीवरच्या चित्राने घट्ट केली आहे. ध्वनीच्या बऱ्याच खाली असलेल्या वेगात आणि दहा मीटरच्या अंतरात हवा कापण्याला अर्थ नाही. विरोधकांच्याच तर्काने पाहिलं तरी टोकाचा फायदा शून्य ठरतो. तोटा मात्र खरा आहे. टोक अगदी अक्षावर आणणं साच्याला अवघड असतं, आणि शिशाचं टोक डबीत हेलकावे खाऊन वाकतं. शिवाय टोकासाठी शिसं पुढे नेलं की नळीला धरणारी डोक्याची कडा बारीक राहते. घेर धरणारी कडा कमी आणि अक्षाबाहेर जाण्याची शक्यता जास्त, अशी ही रचना आहे. पोकळ तोंडाच्या छर्र्यांचंही जवळपास तेच. पोकळी मधोमध नसेल तर तोच जुना हिशेब लागू होतो. कागदाच्या लक्ष्यावर या दोन्हींना काही काम नाही.

चपट्या डोक्याची गोष्ट याच्या उलट आहे. हवेच्या दृष्टीने तो सगळ्यात गबाळा आकार. वीस-पंचवीस मीटरच्या पुढे तो वेग गमावतो, डगमगतो, आणि तिथे गोल डोक्याचा छर्रा त्याला सहज मागे टाकतो. पण दहा मीटरवर त्याची ही उणीव दिसायच्या आत तो कागदावर पोचलेला असतो. तोपर्यंत त्याचे गुण कामी येतात : डोक्याची पूर्ण, एकसारखी कडा नळीला टेकते आणि साच्यातून तो सारखा उतरतो. शिवाय कागदात पंचने पाडल्यासारखं गोल, स्वच्छ भोक पडतं. गोल डोक्याचा छर्रा कागद फाडत जातो आणि भोक आक्रसतं. गुण मोजताना आणि ग्रुप मापताना घोळ होतो. दहा मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या नियमांत छर्र्याच्या आकारावर बंधन नाही. शिसं किंवा तशाच मऊ धातूचा, 4.5 मिमीचा, कोणत्याही आकाराचा चालतो. तरीही नेमबाज चपटं डोकंच निवडतात.

ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने 2022 मध्ये कैरोला दहा मीटर एअर रायफलचं जागतिक अजिंक्यपद मिळवलं. त्या खेळात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि नऊचं वर्तुळ साडेपाच मिमीचं. वर काढलेल्या हिशेबातला 0.02 मिमी दोषाचा छर्राच जवळपास नऊचं आख्खं वर्तुळ खाऊन टाकतो. म्हणून त्या पातळीवरचे नेमबाज रायफल शिकंजात धरून छर्र्यांच्या बॅचेस तपासतात आणि जी आपल्या नळीला मानवते ती साठवून ठेवतात. अंतर मात्र तेच, दहा मीटर, म्हणजे तेहतीस फूट. ‘तीस फुटांवर काहीही चालतं’ हे खरं असतं तर हा सगळा उपद्व्याप त्यांनी कशासाठी केला असता?

इथे विरोधकांचं सगळ्यात वजनदार उत्तर येतं, आणि ते टाळणं बरोबर नाही. ‘त्यांची रायफल लाखोंची, हात शिकलेला. आमच्या हाताने आणि स्प्रिंगच्या धक्क्याने जेवढं विखुरतं, त्यात छर्र्याचा दोष बुडून जातो.’ हे गणिताने तपासू. दोन कारणांचं विखुरणं सरळ बेरजेने वाढत नाही. दोन्हींचे वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ काढायचं. उभं राहून झाडणाऱ्या नवख्याचं हाताचं विखुरणं 20 मिमी धरलं, तर 14 मिमीवाल्या वाईट छर्र्याने ते 24 च्या आसपास जातं आणि साडेपाचवाल्या चांगल्याने 21 च्या. फायदा जेमतेम साडेतीन मिमीचा. तेव्हा उभ्याने हात सावरायला शिकणाऱ्या नवख्याला ‘आधी छर्रे बदल’ सांगणं चूक आहे. इथे मी त्यांच्याशी सहमत आहे.

पण तोच माणूस वाळूच्या पिशवीवर हात टेकवून, शांतपणे बसून झाडतो तेव्हा हाताचं विखुरणं 8 मिमीवर येतं. आता वाईट छर्र्याने ग्रुप 16 मिमीचा होतो आणि चांगल्याने 10 मिमीचा. इथे निम्म्याहून मोठा दोष छर्र्याचा आहे. आणि याहून वाईट असतो तो अधूनमधून भरकटणारा छर्रा. चेपलेल्या स्कर्टचा एक छर्रा 20 मिमी बाजूला गेला की शिकणारा स्वतःचा ट्रिगर, श्वास, गाल टेकवण्याची जागा, सगळं तपासू लागतो. जे बरोबर होतं ते बदलतो. चुकलेल्या फैरीचं कारण हात की छर्रा हे कळत नसेल, तर सराव म्हणजे केवळ शिसं उडवणं. नवख्यानेही निदान समान छर्रे वापरावेत, ते या कारणासाठी. गुणांसाठी नव्हे, आपल्या चुका ओळखता याव्यात म्हणून.

मग वजनाला काहीच अर्थ नाही का? आहे, पण दुकानात सांगतात तो नाही. ‘जड छर्रा स्थिर जातो’ हे वाऱ्यात आणि लांब अंतरावर खरं. परसदारी स्प्रिंगच्या रायफलीत वजन महत्त्वाचं ठरतं ते दट्ट्याशी त्याचं कसं जमतं यावरून. ट्रिगर दाबला की दट्ट्या पुढे झेपावतो, त्याने रायफल आधी मागे आणि मग पुढे सरकते, आणि हे सगळं छर्रा अजून नळीत असताना चाललेलं असतं. छर्रा फार जड असेल तर तो नळीत जास्त वेळ राहतो. दट्ट्या हवेच्या गादीवर आपटून मागे उसळतो आणि नळीच्या हलण्याचा जास्त भाग छर्र्याच्या वाट्याला येतो. फार हलका असेल तर हवेला विरोधच मिळत नाही, दट्ट्या टोकाला जोरात आपटतो, रायफल थरथरते आणि सीलही लवकर जातं.

म्हणूनच वजन बदललं की लागण्याची जागा वर काढलेल्या 2-3 मिमीपेक्षा कितीतरी जास्त सरकते, कधी वर, कधी डावीकडे. लोक याला छर्र्याची लहर म्हणतात; ती नळी कुठल्या क्षणी कुठे होती याची नोंद असते. 0.47 ते 0.55 ग्रॅम, म्हणजे डबीवरच्या भाषेत साधारण सव्वासात ते साडेआठ ग्रेन, या पट्ट्यात बहुतेक घरगुती 4.5 मिमी स्प्रिंग रायफली नीट वागतात. ‘वेग’ विकणाऱ्या अतिहलक्या मिश्रधातूच्या छर्र्यांपासून तर लांबच राहावं. ते कठीण असल्याने पिळात नीट रुतत नाहीत, आणि जोरदार रायफलीत ध्वनीच्या वेगाजवळ पोचून डगमगतात.

यावर शेवटचा बचाव असतो तो पैशांचा : परदेशी डब्या परवडत नाहीत. पण महाग घ्या असं मी म्हणत नाही, निवडून घ्या म्हणतो. स्वस्त डबीतही चांगले छर्रे असतात. अडचण ही की त्यांच्यात वाईट मिसळलेले असतात. ते वेगळे करायला काचेचा एक तुकडा पुरतो. काच किंचित तिरपी ठेवून वरून छर्रा आडवा सोडायचा. स्कर्ट डोक्यापेक्षा रुंद असल्याने तो कमानीत घरंगळतो. सारखे छर्रे सारख्या कमानीने एकाच जागी येतात. चेपलेल्या स्कर्टचा अडखळतो आणि वाकड्या किंवा लहान डोक्याचा दुसरीकडेच जातो. जे बाजूला गेले ते डबे पाडायला ठेवायचे. याआधी एकेका छर्र्याच्या मागे डोकावून स्कर्टची कडा गोल आहे ना, एवढं पाहिलं की निम्मं काम झालं. सुटे छर्रे पिशवीत भरून ठेवू नयेत, डबीत स्पंजाखाली ठेवावेत. आपल्या पावसाळ्यात दमट कपाटात शिशावर पांढरी पूड धरते. तसे छर्रे नळीत घालू नयेत. आणि छर्रे हाताळल्यावर जेवणाआधी साबणाने हात धुवावेत, हे सांगायची वेळ यायला नको.

आता परीक्षेची पद्धत, कारण ‘मी पाच मारले, रुपयाच्या नाण्यात बसले’ हा पुरावा म्हणून सांगितला जातो. पाच फैरींचा एक ग्रुप काहीच सिद्ध करत नाही. छर्रा, रायफल, माणूस काहीही न बदलता लागोपाठच्या पाच-पाचच्या ग्रुपांचं माप चौथाईने कमी-जास्त होणं हा निव्वळ योगायोगाचा खेळ आहे. दोन प्रकारच्या छर्र्यांत खरोखर फरक आहे का हे पाहायचं तर प्रत्येकाचे दहा-दहाचे निदान तीन ग्रुप हवेत, आलटून पालटून, वेगळ्या कागदांवर. छर्रा बदलल्यावर पहिल्या पंधरा-वीस फैरी मोजायच्या नाहीत, कारण नळीत आधीच्या शिशाचा थर असतो. रायफल शिकंजात आवळायची नाही; स्प्रिंगच्या रायफलीला मोकळं हलू द्यावं लागतं. पिशवीवर उघडा तळहात, त्यावर रायफल, दर वेळी त्याच जागी. छर्रे दुसऱ्या कोणी द्यावेत आणि कुठले ते सांगू नये, नाहीतर महागडे छर्रे झाडताना माणूस नकळत जास्त काळजी घेतो. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजून त्यातून 4.5 मिमी वजा केले की ग्रुप मिळतो.

ग्रुपाचा आकारही बोलतो. भोकं उभ्या रेषेत लांबली असतील तर वेग बदलतोय किंवा धरण्यात चूक आहे असं समजावं. चहूबाजूंनी गोल पसरली असतील तर छर्रा आणि नळी यांचं जमत नाही. आठ भोकं एकत्र आणि दोन दूर असतील तर डबीत वाईट माल मिसळलेला आहे; काच काढा.

आणि एक अट, जिच्यावर वाद नको. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 20 जूलच्या आतली आणि 4.5 मिमीपर्यंतची एअर रायफल परवान्याच्या जाचातून सुटली आहे, म्हणून ती कुठेही झाडता येते असं नाही. उल्हासनगरच्या भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत गच्चीवरून झाडणं हा गुन्हेगारी बेफिकीरपणा आहे. 12 जूलचा छर्रा डोळा घेतो. बदलापूरच्या बंगल्याच्या परसातही लक्ष्यामागे छर्रा गिळणारी पेटी आणि तिच्यामागे भक्कम भिंत हवी. नुसत्या दगडी भिंतीवर शिसं उलटं फिरतं, आणि चपट्या डोक्याचंही फिरतं. पक्ष्यांवर झाडणाऱ्यांशी तर छर्र्यांच्या आकाराबद्दल बोलायचंच नाही. 1972 चा वन्यजीव कायदा त्यांच्याशी बोलेल.

तेव्हा तीस फुटांच्या वाक्याची दुरुस्ती अशी करावी लागेल : तीस फुटांवर रायफलीला मानवणाऱ्या पट्ट्यातलं कुठलंही वजन चालतं, गोल किंवा चपटं कुठलंही डोकं चालतं, पण तुमच्या नळीत सैल बसणारा, वाकडा किंवा चेपलेला छर्रा मात्र चालत नाही. ज्याला हे पटत नाही त्याने आपली लाडकी डबी काचेवर घरंगळवावी, कमान चुकलेले तीस आणि कमान धरलेले तीस वेगळे काढावेत, आणि कुठले ते न सांगणाऱ्या मित्राकडून दहा-दहा घेऊन आपल्याच परसात झाडावेत. दोन कागदांवरच्या ग्रुपांत तीनदा सलग काही फरक दिसला नाही, तर त्याने ‘काहीही चालतं’ खुशाल म्हणावं. फरक दिसला, तर यापुढे नेम चुकल्याचा दोष हाताला देण्याआधी डबी उघडून पाहावी.